झाकण लागलंय, पण मशीनला ते कळलेलं नाही

कपडे धुऊन होतात, साबणाचं पाणी खळखळ करत निघून जातं, आता ड्रम फिरून कपडे पिळले जाणार म्हणून आपण वाट बघत असतो आणि तेवढ्यात मशीन थांबतं. पीं पीं आवाज येतो, पडद्यावर दोन अक्षरं चमकू लागतात. झाकण उघडून पाहावं तर चिंब ओल्या कपड्यांचा गोळा तळाशी तसाच बसलेला. बटण पुन्हा दाबलं तरी पुन्हा तेच. मग ‘मोटर गेली असेल’, ‘कार्ड उडालं असेल’ असे अंदाज सुरू होतात आणि खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे येतो. वरून कपडे टाकायच्या, म्हणजे टॉप लोड मशीनमध्ये या सगळ्यांच्या आधी बघायची एक वस्तू असते. ती आकाराने आगपेटीपेक्षा लहान, किमतीने काहीशे रुपयांची, आणि झाकणाच्या मागच्या कडेजवळ लपलेली असते. तिला लिड स्विच म्हणतात. मेकॅनिक मंडळी डोअर स्विच किंवा सेफ्टी स्विचही म्हणतात.

या स्विचचं काम एवढंच, की झाकण बंद आहे की उघडं हे मशीनच्या कार्डाला सांगायचं. ‘उघडं’ असा निरोप गेला की कार्ड ड्रम जोरात फिरवायला साफ नकार देतं, मग बाकी सगळं यंत्र ठणठणीत का असेना. त्यामुळे वर सांगितलेल्या प्रसंगात मशीन बिघडलेलं नसून चुकीच्या निरोपावर बरोबर वागत असण्याची शक्यता मोठी असते. निरोप चुकीचा जायची कारणं दोन. एक तर स्विच स्वतः खराब झाला आहे, किंवा स्विच चांगला आहे पण झाकण त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाही. ही दोन कारणं बाहेरून अगदी सारखी दिसतात, पण दुरुस्ती मात्र वेगवेगळी लागते. माझ्या पाहण्यात लोक हमखास पहिलं कारण गृहीत धरतात आणि दुसरं राहूनच जातं.

हा नकार मशीनला शिकवावा का लागला, ते आकड्यांवरून लगेच लक्षात येतं. घरातल्या फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड मशीनचा ड्रम पिळताना मिनिटाला साधारण 700 फेरे घेतो. ड्रमचा व्यास 45 सेंटीमीटर धरला तर एका फेऱ्यात त्याची कड जवळजवळ 1.4 मीटर अंतर कापते. म्हणजे कडेचा वेग सेकंदाला सोळा-साडेसोळा मीटर, ताशी 60 किलोमीटरच्या आसपास. सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर लहान असतो, पण तो मिनिटाला 1300 ते 1400 फेरे घेतो, त्यामुळे त्याच्या कडेचा वेगही तेवढाच भरतो. या वेगात ओल्या साडीचा पदर किंवा ओढणीचं टोक बोटांभोवती गुंडाळलं गेलं, तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. मोटर बंद झाली तरी ओल्या कपड्यांनी जड झालेला ड्रम स्वतःच्या जोरावर फिरत राहतो. म्हणून झाकण उचलताक्षणी वीज तुटावी आणि ब्रेक लागावा अशी रचना असते.

स्विचचे ढोबळ मानाने दोन प्रकार घरोघरी दिसतात. पहिला यांत्रिक. झाकणाच्या मागच्या कडेला एक खुंटी असते. झाकण खाली आलं की ती खुंटी पॅनेलमधल्या खाचेत शिरून एक दांडी दाबते, आणि दांडी एका छोट्या मायक्रोस्विचला दाबते. मायक्रोस्विचच्या आत पातळ पत्तीची स्प्रिंग असते. ती एका ठरावीक जागेपर्यंत वाकते आणि तिथून पुढे एकदम पलटते, म्हणून ‘टिक’ असा स्वच्छ आवाज येतो. ही टिक लक्षात ठेवायला हवी, कारण तपासणीची सुरुवात तिच्यापासूनच होते.

दुसरा प्रकार चुंबकाचा. झाकणाच्या प्लास्टिकमध्ये एक लहानसं चुंबक बसवलेलं असतं आणि समोरच्या पॅनेलमध्ये रीड स्विच असतो. रीड स्विच म्हणजे हवाबंद काचेच्या नळीतल्या लोखंडी धातूच्या दोन बारीक पट्ट्या. चुंबक जवळ आलं की त्या एकमेकींना चिकटतात, दूर गेलं की सुटतात. 1936 साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवुड यांनी हा स्विच शोधला. टेलिफोनच्या कामात धूळ आणि दमट हवा यांच्यापासून संपर्कबिंदू वाचवायचे होते, म्हणून पट्ट्या काचेत बंद केल्या. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने ओल्या राहणाऱ्या न्हाणीघरात हाच गुण कामाला येतो. काही मशीनमध्ये रीडऐवजी हॉल सेन्सर असतो. तोही चुंबकच ओळखतो, फक्त त्यात हलणारा भाग नसतो. या प्रकारात टिक ऐकू येत नाही, आणि त्यामुळे बिघाड कानाने पकडता येत नाही.

आता लक्षणं. पुष्कळ मशीनमध्ये झाकण उघडं असलं तरी पाणी भरतं, कपडे घुसळले जातात. अडतं ते फक्त पिळण्याशी. त्यामुळे लिड स्विचचा बिघाड धुणं सुरू करताना दिसतच नाही, पहिलं पाणी काढून झाल्यावर दिसतो. काही नव्या मशीनना मात्र झाकणाला कुलूप असतं. ती कुलूप लागल्याशिवाय सुरूच होत नाहीत, म्हणून तिथे हाच बिघाड ‘मशीन चालूच होत नाही’ अशा रूपात समोर येतो. चाइल्ड लॉक लावलेला असला, तर झाकण उघडताच धुणंही थांबवणारी मशीन आहेत. तेव्हा ते चिन्ह पेटलं आहे का, ते आधी पाहावं. पडद्यावरच्या अक्षरांचाही उपयोग होतो. झाकणाच्या तक्रारीसाठी एलजीच्या मशीनवर dE, सॅमसंगच्या मशीनवर dE किंवा dC, पॅनासोनिकच्या मशीनवर U12 असे संकेत येतात. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर ही यादी असते.

पडद्यावर काहीच येत नसेल, तर दोन तोतये आधी बाजूला काढावे लागतात. पहिला म्हणजे पाणी. ड्रममध्ये पाणी शिल्लक आहे असं मशीनला वाटत असेल तर ते पिळायला जाणारच नाही. झाकण उघडून पाहा. पाणी दिसत असेल तर दोष निचऱ्याच्या बाजूला आहे, झाकणाकडे बघायची गरज नाही. दुसरा तोतया म्हणजे तोल. चादर आणि जीन्स एका बाजूला गोळा झाल्या की ड्रम हेलकावे खातो. अनेक यांत्रिक रचनांमध्ये लिड स्विचचीच लांब दांडी आत टबाच्या जवळ लोंबत असते. टब फार हलला की तिच्यावर आपटतो, स्विच क्षणभर सुटतो आणि मशीन थांबतं. मग ते पुन्हा पाणी घेऊन कपडे सारखे करून बघतं. दोन्ही बिघाड एकाच स्विचमधून येतात, पण फरक ओळखता येतो. तोल गेला असेल तर ड्रम फिरायला लागतो, धडधड होते आणि मग थांबतो. झाकणाचा दोष असेल तर ड्रम हलतच नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. डोंबिवलीतल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंचं साडेसहा किलोचं मशीन, यांत्रिक स्विचचं, ड्राय बाल्कनीत ठेवलेलं. धुणं व्हायचं, पाणी जायचं आणि मग पीं पीं. एका मेकॅनिकने उघडून न पाहताच कार्ड बदलायला सांगितलं होतं. काकूंच्या बोलण्यात एक गोष्ट सहज येऊन गेली, की कधी कधी ते ‘आपोआप’ फिरतं. कार्ड जळलं असेल तर असा लहरीपणा सहसा दिसत नाही. कधी जुळतं, कधी जुळत नाही, हे जागा सरकल्याचं लक्षण असतं.

ड्रम रिकामा केला, फक्त स्पिनचा कार्यक्रम लावला आणि झाकण बंद ठेवून मशीन सुरू केलं. पीं पीं. मग काकूंना सांगितलं, “झाकणाच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर तळहात टेकवून जरा दाबून धरा.” दाबताच खालून हलकी टिक ऐकू आली आणि ड्रम फिरू लागला. हात काढला, ड्रम थांबला. “अगं बाई, एवढंच?” काकू म्हणाल्या. एवढंच होतं, पण यातून बरंच कळलं. मोटर ठीक, पट्टा ठीक, कार्ड ठीक, निचरा ठीक आणि बहुधा स्विचही ठीक. झाकण बंद ठेवून बाहेरून दाबायचं असल्यामुळे या चाचणीत धोका नाही, आणि ती कोणालाही करता येते. यांत्रिक स्विचच्या मशीनची तपासणी इथूनच सुरू करावी.

मग झाकण बंद करून त्याची मागची फट डोळ्यांच्या पातळीवरून पाहिली. डावीकडे फट बारीक, उजवीकडे ठळकपणे मोठी. झाकण उजवीकडे उचललं गेलं होतं. आता आत बघायचं, म्हणून प्लग सॉकेटमधून काढला. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलच्या तारेवर बसवलेलं असतं आणि फेज मशीनपर्यंत तसाच जिवंत राहतो. मागचे स्क्रू काढून पॅनेल उचललं. स्विच समोर आला, त्याला दोन तारांचा प्लास्टिकचा जोड होता. तो सोडवला, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोडणी सलग असली की वाजणाऱ्या खुणेवर ठेवला, आणि दोन टोकं स्विचच्या दोन पिनांना लावली.

बोटाने दांडी दाबली की मीटर वाजायचा, सोडली की गप्प. पाच-सहा वेळा दाबली, दर वेळी तसंच. रोध दाखवणाऱ्या खुणेवर ठेवलं तेव्हा दाबलेल्या स्थितीत जवळजवळ शून्य ओहम आला. म्हणजे आतले संपर्कबिंदू स्वच्छ होते. काजळी धरली असती तर आकडा शून्याजवळ स्थिर राहिला नसता, दर दाबाला वेगळा आला असता. मग बोटाऐवजी झाकणाने दाबून पाहिलं. खुंटी खाचेत आली, दांडीला टेकली, थोडी खाली गेली आणि टिक व्हायच्या तीनेक मिलिमीटर आधीच थांबली. मीटर गप्प. स्विच चांगला, झाकण चुकीच्या जागी, याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही. काही स्विच उलटे असतात, मोकळे असताना वाजतात आणि दाबल्यावर गप्प होतात. त्याने गोंधळून जायचं कारण नाही. झाकण उघडं आणि बंद यांत मीटरचं म्हणणं बदलतं की नाही, एवढंच बघायचं.

झाकण तीन मिलिमीटर वर का राहिलं, हे उजव्या बिजागरीजवळ कळलं. बिजागरीची प्लास्टिकची खीळ तडकली होती आणि झाकण तिच्यावर तिरकं बसत होतं. पिळलेल्या कपड्यांची बादली वर्षानुवर्षं झाकणावरच ठेवली जात होती, शिवाय साबणाच्या पावडरीचा पाच किलोचा डबा तिथेच मुक्कामाला. टॉप लोडचं झाकण हे ओटा नव्हे. ते पातळ प्लास्टिकचं किंवा काचेचं असतं आणि त्याचं सगळं वजन मागच्या दोन बारीक खिळांवर येतं. काकूंच्या मशीनला नवा स्विच बसवला असता तर तोही दाबला गेला नसता, आणि मग नक्कीच कार्डावर आळ आला असता. बिजागरीची जोडी बदलली, झाकण सरळ बसलं, टिक परत आली.

इथे एक शॉर्टकट हमखास सुचवला जातो. स्विचची दांडी पकडीने थोडी वर वाकवायची, म्हणजे झाकण अर्धवट खाली आलं तरी ती दाबली जाईल. हे करू नये. दांडी जितकी वाकवाल तितकं झाकण उघडं असतानाही मशीन ते बंद समजेल, म्हणजे हात आत जाण्याइतकी फट असताना ड्रम फिरत राहू शकेल. शिवाय तीच दांडी टबाचं हेलकावणं ओळखत असेल, तर तिचं टबापासूनचं अंतर बदलतं. मग नीट लावलेल्या कपड्यांनाही मशीन ‘तोल गेला’ म्हणून थांबायला लागतं आणि एका बिघाडाचे दोन होतात.

जागा सरकण्याचं आणखी एक कारण मशीनच्या खाली असतं. चाकांच्या ट्रॉलीवर किंवा उताराच्या फरशीवर मशीन ठेवलं आणि चारपैकी एक पाय अधांतरी राहिला, तर पत्र्याची चौकट किंचित पीळ खाते. वरचं प्लास्टिकचं तोंड आणि झाकण यांची जुळणी त्यामुळे बिघडते. झाकणावर स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही दिशांना बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पाय फिरवावेत आणि एकेका कोपऱ्यावर दाबून मशीन डुगडुगत नाही ना ते पाहावं. घर बदलल्यावर किंवा फरशी धुवायला मशीन सरकवल्यावर तक्रार सुरू झाली असेल, तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हेच करायचं. खुंटी जिथे शिरते त्या खाचेत साबणाचा आणि खाऱ्या पाण्याचा थर बसलेला असतो. तो जुन्या टूथब्रशने आणि कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने निघतो. खाचेत पाणी ओतू नये.

चुंबकाच्या प्रकारात तपासणी वेगळी होते. झाकण दाबून फरक पडतोच असं नाही आणि टिक तर नसतेच. आधी झाकणातलं चुंबक जागेवर आहे का ते पाहायचं. टाचणीला दोरा बांधून ती झाकणाच्या आतल्या कडेवरून हळूहळू फिरवली की चुंबकापाशी ती ओढली जाते. कुठेच ओढली गेली नाही, तर चुंबक खोबणीतून निसटून पडलं असेल किंवा झाकणाच्या पोकळीत घरंगळलं असेल. झाकण हलवलं की आत खडखड वाजणं ही त्याची खूण. चुंबक जागेवर असेल तर पॅनेलच्या आतल्या सेन्सरकडे वळायचं. तो क्लिपवर किंवा चिकटपट्टीवर बसवलेला असतो. क्लिप तुटून तो मागे सरकला, तर काही मिलिमीटरच्या अंतरानेही चुंबकाचा जोर कमी पडतो. रीड स्विच असल्यास प्लग काढून, जोड सोडवून, मीटर लावून दुसरं एखादं चुंबक त्याच्याजवळ न्यावं आणि दूर करावं. मीटरचं म्हणणं बदललं तर रीड जिवंत आहे. कधीच बदललं नाही तर तो गेला. हॉल सेन्सर अशा मीटरने तपासता येत नाही, त्याला चालू वीज लागते, म्हणून ते काम मेकॅनिकवर सोपवावं. एक इशारा उलट्या बाजूचा. पॅनेलवर जोरदार चुंबकाचं शोभेचं चिन्ह किंवा चुंबकी पाठीचं फोनचं कव्हर सेन्सरजवळ ठेवलं, तर झाकण उघडं असताना मशीनला ते बंद वाटू शकतं.

स्विच आणि झाकण दोन्ही ठीक निघाले तर मधली तार उरते. बऱ्याच टॉप लोड मशीनचा तळ उघडा असतो आणि आपल्याकडे उंदीर तिथून सहज आत शिरतात. लिड स्विचची बारीक तार मागच्या बाजूने वर जाते, ती कुरतडलेली सापडते. तार पूर्ण तुटलेली नसेल तर बिघाड येतो-जातो. मीटर लावून ठेवायचा आणि तार बोटांनी इंचाइंचाने हलवत जायचं. मीटर जिथे अडखळेल तिथे दोष. जोडाच्या पिनांवर हिरवट गंज असेल तर तोही दमट हवेत अधूनमधून निरोप तोडतो.

कुलूपवाल्या मशीनमध्ये स्विच आणि कुलूप एकाच डबीत असतात. सुरुवातीला आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तो कुलूप लागल्याचा. तोच आवाज दोन-तीनदा येऊन मशीन हार मानत असेल, तर कुलपाची जीभ भोकात शिरत नाही असं समजावं. भोकात लोकरीचे तंतू, पावडरीचा गठ्ठा किंवा सुटलेलं बटण अडकलेलं असतं, नाहीतर झाकण तिरकं असतं. पिळणं चालू असताना वीज गेली तर असं झाकण थोडा वेळ बंदच राहतं. तेव्हा चमचा घालून उचकटू नये, जीभ तुटते आणि मग मशीन खरोखरच सुरू होत नाही. वीज येऊ द्यावी, किंवा पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावं.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये गोष्ट जुन्या पद्धतीची आहे, म्हणून थोडी धोक्याचीही. ड्रायरचं झाकण पॅनेलखालच्या पितळी पत्त्या दाबतं आणि ड्रायरच्या मोटरला जाणारी 230 व्होल्टची वीज थेट त्या पत्त्यांमधून जाते. दर वेळी बारीक ठिणगी पडते आणि पत्त्यांची टोकं खात जातात. इथे कान लावून ऐकलं की अर्धं निदान होतं. झाकण लावून टायमर फिरवल्यावर ‘हूं’ असा घुमल्यासारखा आवाज येत असेल, तर वीज मोटरपर्यंत पोचते आहे आणि स्विच निर्दोष आहे. कपॅसिटर किंवा अडकलेला ब्रेक पाहावा लागेल. अजिबात आवाज नसेल, तर स्विच किंवा टायमर यांच्यावर संशय घ्यावा. झाकण उघडल्यावर ब्रेक लावणारी तार याच झाकणाशी जोडलेली असते. ती गंजून ताणली गेली तर झाकण लावूनही ब्रेक सुटत नाही, मोटर घुमते आणि ड्रायर जागचा हलत नाही. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते, त्याच्या टोकांना हात लावू नये.

आता ‘डायरेक्ट करणं’. स्विच सापडत नाही, भाग मागवायला चार दिवस लागतील, घरात लहान मुलाच्या कपड्यांचा ढीग पडलेला असतो. अशा वेळी मेकॅनिक म्हणतो, “ताई, डायरेक्ट करून देतो, मस्त चालेल.” म्हणजे स्विचच्या दोन तारा एकमेकींना पिळून चिकटपट्टी गुंडाळायची. मशीनला मग झाकण कायम बंद वाटतं. ते चालतं, यात शंका नाही, आणि म्हणूनच ही तात्पुरती दुरुस्ती पुढे वर्षानुवर्षं तशीच राहते. पण ज्या दांडीवर टब आपटून तोल गेल्याचं कळायचं, तिचा निरोपही त्याच तारांमधून जात असल्यामुळे आता मशीनला तोल गेलेलाही कळत नाही. एका बाजूला साचलेल्या ओल्या चादरीसकट ड्रम पूर्ण वेगात जातो, टब पत्र्यावर आपटतो, टांगणीच्या दांड्या आणि बेअरिंग यांच्यावर ताण येतो. आणि घरातल्या मुलाने स्टुलावर चढून झाकण उचललं, तर त्याच्या हातापुढे ताशी 60 किलोमीटर वेगाचा उघडा ड्रम असतो. माझं मत स्पष्ट आहे. चार दिवस कपडे हाताने पिळावेत, पण तारा जोडू देऊ नयेत. जुनं मशीन विकत घेतलं असेल, तर आधीच्या मालकाने असं करून ठेवलेलं नाही ना, हे पहिल्याच दिवशी पाहावं.

ते पाहायची रीत तीच, जी कोणत्याही दुरुस्तीनंतर वापरायची. ड्रम रिकामा ठेवा, फक्त स्पिन लावा, झाकण बंद करा. ड्रम वेगात आला की एका बाजूला उभं राहून, हात आत न नेता, झाकण जेमतेम चार बोटं उचला. मोटरचा आवाज त्याच क्षणी तुटायला हवा आणि ड्रमचा वेग झपाट्याने उतरायला हवा. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये यासाठी 15 सेकंदांची मर्यादा दिलेली असते. तेवढ्यात ड्रम पूर्ण थांबला नाही तर मशीन वापरणं बंद करून ब्रेक दुरुस्त करून घ्यावा. कुलूपवाल्या मशीनमध्ये झाकण उचललंच जाता कामा नये. ते सहज उचललं गेलं आणि ड्रम फिरतच राहिला, तर प्लग काढा आणि मेकॅनिक आल्यावर त्याला सगळ्यात आधी झाकणाच्या स्विचच्या दोन तारा दाखवायला सांगा.